वरच्या काकाजींना लिहिलेली चिठ्ठी आणि पंख्याजवळचा डाग

आर्वीपासून तेरा किलोमीटरवरच्या आमच्या गावात दोन भावांनी मिळून बांधलेलं दुमजली घर आहे. धाकट्या भावाने खालचा मजला आम्हाला विकला. वर मोठे भाऊ राहतात, ते आणि काकू. आम्ही त्यांना काकाजीच म्हणतो. सहा वर्षांत आमच्यात कधी शब्दाला शब्द झाला नाही. म्हणूनच फेब्रुवारीत स्वयंपाकघराच्या छतावर, पंख्याच्या वाटीला लागून चहाच्या रंगाचा डाग उमटला तेव्हा मला डागापेक्षा जास्त काळजी लागली ती हे वर कसं सांगायचं याची.

आधी मी चूकच केली. नळ आला त्या सकाळी अंगणात चार बाया गुंड भरत होत्या आणि त्यांच्यासमोरच मी काकूंना म्हणाले, "काकू, तुमच्या न्हाणीचं पाणी खाली झिरपून राहिलं बहुतेक." काकूंनी गुंड उचलला आणि म्हणाल्या, "आमची न्हाणी त तिकडं कोपऱ्यात हाये. तुमचा पंखा मधात. आमचं पाणी तिथं कसं जाईन?" पुढचे चार दिवस त्या जिन्यात भेटल्या की मान खाली घालून जायच्या. मला फार वाईट वाटलं. चारचौघींत मी त्यांच्या घराचा दोष काढला होता आणि माझ्या हातात पुरावा काहीच नव्हता.

मग मी ठरवलं की आधी नीट पाहायचं आणि मगच बोलायचं. स्टुलावर चढून डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला तारीख टाकली. पहिल्या दिवशी डाग आडवा 34 सेंटीमीटर भरला. मुलाच्या जुन्या वहीत रोज सकाळी सातला आणि रात्री नऊला नोंद ठेवली: डाग ओला की कोरडा, रेघेबाहेर गेला की नाही, नळाचा दिवस होता का, वर मोटर लागली होती का. बोट लावलं की कडेला पांढरी भुकटी हाताला यायची. पाणी काँक्रीटमधून येताना त्यातला क्षार सोबत आणतं आणि वाळताना तो असा बाहेर पडतो. म्हणजे नुसता धुराचा किंवा वाफेचा डाग नव्हता, पाणी स्लॅबमधूनच येत होतं. माघाचे दिवस, आभाळ कोरडं, त्यामुळे पावसाचाही संबंध नव्हता.

आठ दिवसांत डाग 41 सेंटीमीटर झाला, पण मला उत्तर दिलं ते मधल्या दोन दिवसांनी. काकाजी आणि काकू पुलगावला लग्नाला गेले होते. वरची टाकी भरलेली होती, नळांच्या पाइपात पाणी होतं, तरी त्या दोन दिवसांत डागाची कड सुकून फिकट झाली. ते परत आले, सकाळी आंघोळी झाल्या आणि दहापर्यंत डाग पुन्हा गडद. टाकीतून नळाला येणाऱ्या पाइपात पाणी चोवीस तास दाबाने उभं असतं. तो फुटला असता तर घरी कोणी असो नसो, गळतच राहिला असता. इथे वापर झाला की ओल येत होती. म्हणजे संशय सांडपाण्याच्या पाइपावर किंवा न्हाणीच्या जाळीखाली थोडं पाणी धरून वास अडवणाऱ्या ट्रॅपवर जात होता.

रात्री चिठ्ठी लिहायला बसले. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "तुमच्या न्हाणीचा पाइप फुटल्यामुळे आमचं छत खराब होत आहे." यजमान जिनिंगमधून आले, त्यांनी वाचलं आणि विचारलं, "फुटलेला पाइप तू पाहिला का?" पाहिला नव्हता. मी पाहिला होता फक्त डाग. ते वाक्य खोडलं. शेवटी चिठ्ठी अशी झाली:

"ती. काकाजी व काकू यांस सा. न.

त्या दिवशी नळावर सगळ्यांसमोर मी जे बोलले ते तसं बोलायला नको होतं, माफ करा.

आमच्या स्वयंपाकघरात पंख्याजवळ छताला ओल दिसते आहे. आठ दिवसांत डाग 34 वरून 41 सेंटीमीटर झाला. रोजची नोंद वहीत ठेवली आहे, ती सोबत देते. पाणी कुठून येतं हे मला ठाऊक नाही. ते आपण दोन्ही घरांनी मिळून पाहावं अशी विनंती आहे.

रविवारी सकाळी नऊला जमेल का? नसेल तर तुम्ही सांगाल तो दिवस. आधी आपण खाली येऊन छत पाहावं, मग मी वर येईन. मिस्त्री तुमच्या पसंतीचा बोलवू, त्याच्या पाहणीचे पैसे अर्धे अर्धे देऊ. काय सापडतं ते पाहून दुरुस्तीचं बसून बोलू.

पंख्याची वायर त्याच जागेतून जाते म्हणून तिथला पंखा आणि दिवा आम्ही बंद ठेवला आहे. एवढ्यासाठीच फार लांबवू नये असं वाटतं.

आपली,
खालच्या घरची सून"

पाहणीचे पैसे अर्धे हे मुद्दाम लिहिलं. पाहणीचा खर्च एकट्या वरच्यांवर टाकला की दोष आधीच ठरवल्यासारखं होतं. दुरुस्तीच्या पैशाबद्दल चिठ्ठीत काही लिहिलं नाही तेही त्याच कारणाने. शहरात सोसायटी असते, तिचे नियम असतात, सेक्रेटरी असतो. आमच्या दोन मजल्यांना काहीच नाही, जे काही आहे ते बोलण्यावर. चिठ्ठी मुलाच्या हाती न पाठवता मी स्वतः वर नेली, वहीसकट. काकाजींनी चष्मा लावून वही पानापानाने वाचली. लग्नाच्या दोन तारखांवर बोट ठेवून थांबले आणि म्हणाले, "येतो रविवारी."

शनिवारी रात्री त्यांनी स्वतःच एक परीक्षा केली. सगळे नळ बंद, मोटर बंद, आणि टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूने खूण. सकाळी पातळी तिथंच होती. "पाहा, थेंबभर नाही गेलं," ते म्हणाले. मिस्त्रीने त्यांना समजावलं. टाकी पाचशे लिटरची, जवळपास नव्वद सेंटीमीटर रुंद. तिच्यात पातळी एक सेंटीमीटर उतरायला सहा लिटरच्या वर पाणी जावं लागतं. सेकंदाला एक थेंब गळला तर रात्रभरात दीड लिटरच्या आसपास जातं, म्हणजे पाव सेंटीमीटर. खडूच्या जाड रेघेत तेवढं दिसतच नाही. आणि मुख्य म्हणजे रात्री न्हाणी कोरडी, सांडपाण्याच्या पाइपातून काही वाहिलंच नाही, मग त्याची परीक्षा झाली कुठे? मोठी गळती नळाच्या पाइपात नाही, एवढंच त्या खुणेने कळलं.

खाली आल्यावर काकाजी बराच वेळ छताकडे पाहत उभे राहिले. मग काकूंचाच प्रश्न त्यांनी विचारला: न्हाणी भिंतीच्या पलीकडे, चार-साडेचार फुटांवर, मग डाग इथे काऊन? मिस्त्रीने वायरमनला बोलवायला लावलं. मेन बंद करून पंख्याची वाटी खाली सरकवली. आतल्या प्लास्टिकच्या नळीच्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब लोंबत होता. स्लॅब टाकताना वायरीसाठी जी नळी आत गाडतात, तीच पाण्याची वाट झाली होती. पाणी वर एका जागी स्लॅबमध्ये शिरतं आणि जिथे तोंड मोकळं मिळेल तिथे उतरतं. डाग आहे त्याच्या बरोबर वर दोष असेलच असं नाही. काकाजींनी तो थेंब बोटावर घेतला. त्यानंतर त्यांनी जागेचा प्रश्न पुन्हा काढला नाही.

मग आम्ही वर गेलो. मिस्त्रीने आधी जाळीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा घालून ते बंद केलं आणि न्हाणीत इंचभर पाणी साचवलं. ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. खाली नळीच्या तोंडाशी आम्ही कोरडा कापूस लावला होता, तो दर तासाला पाहिला. कोरडाच राहिला. फरशीच्या सांध्यांवरचा संशय त्याने कमी झाला, अगदी मिटला नाही, कारण सांध्यातून झिरपायला कधी कधी दिवसही लागतो. मग बोळा काढला. ते सगळं पाणी एकदम ट्रॅपमधून गेलं आणि वीस-पंचवीस मिनिटांत कापूस भिजला. नवा कापूस लावून मिस्त्रीने बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून जाळीत ओतली. रात्रीपर्यंत कापूस ओला झाला, पण पांढराच. माझा जीव खालीवर झाला. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, थांबा. आधीचं पाणी निघू द्या, मग रंग येते." दुसऱ्या दिवशी दुपारी कापसाच्या टोकाला फिकट निळी कड आली. मी तो वाटीत ठेवून वर नेला. काकूंनीच दार उघडलं. वाटीत पाहिलं आणि माझा हात धरून मला आत बसवलं.

न्हाणी फोडल्यावर जाळीखालचा ट्रॅप आणि आडवा पाइप यांच्या जोडात फट सापडली. बांधताना जोड नीट चिकटवलाच नव्हता, वर विटांचा रोडा भरून फरशी लावली होती. रोड्याच्या भाराने जोड सरकला असावा, असं मिस्त्रीचं म्हणणं. खालचा रोडा हाताने दाबला तर चिखलासारखा ओला होता. नवा ट्रॅप, नवा तुकडा, जोडाला सॉल्व्हंट, आणि फरशी लावण्याआधी एक दिवस पाणी सोडून पाहणी. ही शेवटची गोष्ट काकाजींनी स्वतः आग्रहाने करून घेतली. दुरुस्तीचे पैसे त्यांनी दिले, मी न मागता. छताची पुट्टी आणि रंग आमच्याकडे घेतला. पाहणीचे अर्धे मात्र त्यांनी माझ्याकडून मोजून घेतले, कारण चिठ्ठीत तसं ठरलं होतं.

डाग लगेच गेला नाही. भिजलेला रोडा आणि स्लॅब आतून वाळायला आठवडे लागतात, आणि त्या दिवसांत डाग तसाच दिसतो. घाईने रंग दिला असता तर पापुद्रे निघाले असते. मी दर आठवड्याला छताला हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवत असे. आतून दव जमलं की अजून ओल आहे. मार्च संपता संपता, ऊन चढल्यावर, एका सकाळी प्लास्टिक कोरडं निघालं. वायरमनने नळीतल्या वायरी बदलल्या आणि त्या रात्री दीड महिन्यानंतर पंखा लागला. काकू खाली आल्या होत्या. पंख्याखाली बसून आम्ही दोघींनी वर्षाच्या मुगवड्यांची डाळ निवडली.