एकवीस वेळा "येथे क्लिक करा"

परभणीत माझं छोटं ऑफिस आहे, म्हणजे दोन टेबलं आणि एक इन्व्हर्टर. कॉलेजांच्या, पतसंस्थांच्या वेबसाइट बनवून देतो. मागच्या उन्हाळ्यात एका कॉलेजचा एमएचा पोरगा भावाला घेऊन आला. त्या पोराला दिसत नाही. कॉलेजचं सूचनांचं पान मीच बनवलेलं, आणि परीक्षा अर्जाची पीडीएफ सापडना म्हणून कॉलेजात विचारलं तर क्लार्कनं माझ्याकडं पिटाळलं. मी म्हणलं सापडत कशी नाही, पहिल्याच टेबलात तर आहे, लाल अक्षरात! (लाल हे क्लार्कसाहेबांच्या आग्रहावरून, त्यांना तर ते ब्लिंक पण करून हवं होतं.)

पोरगा म्हणला, "दादा, मी कसं बघतो ते ऐका आधी." स्वतःचा लॅपटॉप उघडला, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं एनव्हीडीए चालू होतंच, इन्सर्ट आणि एफ-७ दाबलं. त्यानं पानावरच्या सगळ्या लिंकची एक यादी उघडते. मग खालचा बाण दाबत गेला. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. मी मोजत बसलो, एकवीस झाले. "आता ह्यातली माझी कोणती हाय ते तुम्हीच सांगा की." मी गप्प. डोळे असून मलाही त्या यादीतून सांगता येईना.

तरी मी वाद घातला, खोटं कशाला बोलू. म्हणलं शेजारच्या खान्यात नाव लिहिलंय ना! तो म्हणला यादीत शेजार नसतो, तिथं फक्त लिंकचं नाव येतं. टॅब दाबत गेलं तरी तेच, लिंकवरून लिंकवर उडी, मधलं काही ऐकू येत नाही. नाव ऐकायचं तर दर वेळी थांबून कंट्रोल, आल्ट आणि डावा बाण दाबून मागच्या खान्यात जायचं, एकवीस ओळींत एकवीस वेळा. कोड असा होता:

```html
<td>एम.ए. प्रथम वर्ष परीक्षा अर्ज</td>
<td><a href="ma1.pdf">येथे क्लिक करा</a></td>
```

तो बसलेला असतानाच मी शहाणपणा केला, लिंकला `title` लावून त्यात सूचनेचं नाव टाकलं. पान रिफ्रेश, यादी उघडली, परत येथे क्लिक करा. कारण लिंकच्या आत मजकूर असला की नाव तोच धरतात, `title` फक्त जोडीची माहिती म्हणून जातं. टॅबने गेल्यावर ते मागाहून वाचलं जात होतं खरं, पण यादीत पत्ता नाही.

मग `aria-label`, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारं, फक्त ऐकू येणारं नाव. हे चाललं, यादीत नावं आली, मी खुश. पण दोन ओळी एकसारख्याच ऐकू यायल्या, "एम.ए. प्रथम वर्ष". मी घाईत ओळ कॉपी केली, फाइल बदलली, लेबल तसंच राहिलं. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसत होतं, म्हणून ही चूक मला जन्मात कळली नसती, आणि पोरगा मात्र भलताच अर्ज भरून बसला असता. जे डोळ्याला दिसतच नाही ते पुढं क्लार्क काय डोंबल दुरुस्त करणार. शिवाय बोलून मोबाईल चालवणारी माणसं जे दिसतं तेच म्हणणार ना, आणि दिसणारे शब्द लेबलात नसले तर लिंक हुकूम ऐकत नाही.

शेवटी मी दुसरा खानाच उडवला आणि सूचनेचं नाव हीच लिंक केली:

```html
<td><a href="ma1.pdf">एम.ए. प्रथम वर्ष परीक्षा अर्ज (पीडीएफ, ३४० केबी)</a></td>
```

सुरुवातीला मी "डाउनलोड करा: एम.ए. प्रथम वर्ष..." असं लिहिलेलं. तो म्हणला डाउनलोड मागं टाका, मी पहिला शब्द ऐकला की खाली जातो, सगळ्यांची सुरुवात सारखी असली की प्रत्येक लिंक अर्धी ऐकावी लागते. पीडीएफ आणि साइज मात्र राहू द्या म्हणला, नेट पॅक संपत आलेला असतो आणि अचानक भलं मोठं डाउनलोड सुरू होतं. यादी परत उघडली, तीन बाणांत त्याचा अर्ज सापडला.

क्लार्कसाहेबांना वाटलं मी लिंकच काढून टाकल्या. "पोरं दाबणार कुठं?" मी अंडरलाइन ठेवली, रंगही लालच ठेवला, तेवढ्यावर मिटलं.

महिन्यानं त्या पोराचा फोन. "दादा, आता तीन 'महत्त्वाची सूचना' हायत." बघतो तर क्लार्कसाहेबांनी प्रत्येक सूचनेचं शीर्षक तेच टाकलेलं. अपलोडच्या फॉर्मवर मी खाना ठेवला होता "शीर्षक", तो बदलून "सूचना कोणासाठी आणि कशाबद्दल" असा केला, आणि खाली "महत्त्वाची सूचना असं लिहू नये" हे लाल अक्षरात टाकलं.