कॅप्शनच्या शेवटी काय विचारावं?

घरातलं एक जुनं लाकडी टेबल मी सँडपेपरने घासून पॉलिश केलं आणि फोटो टाकायला बसलो. कॅप्शनचा मजकूर लगेच जमला, अडलं ते शेवटच्या ओळीवर. मित्रमंडळींनी दोन शब्द लिहावेत असं वाटत होतं, आणि तसं वाटतंय हे दिसूही नये असंही वाटत होतं.

पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं: 'कसं वाटलं? नक्की सांगा!' आता हे वाचणाऱ्याच्या जागी बसून बघा. याला सभ्यपणे एकच उत्तर देता येतं, 'छान'. माझ्या हातात ताट आणि समोरच्याने त्यात कौतुक वाढायचं, असा तो प्रकार. वाचणाऱ्याला सांगण्यासारखं काही उरतच नाही, म्हणून तो लाइक करून पुढे सरकतो. 'प्लीज', ओळीने तीन प्रश्नचिन्हं आणि 'कोणी वाचतंय का?' यांची गतही तीच.

मग उलटा विचार केला. या टेबलाबाबत मला स्वतःला खरंच काय ठरवता येत नाहीये? उत्तर ड्रॉवरमध्ये होतं. आतल्या फळीवर कुणीतरी पेन्सिलने आकडेमोड करून ठेवली होती. बाहेरून सगळं घासून झालं होतं, पण ती फळी मी तशीच सोडली होती. घासली तर रंग सगळीकडे एकसारखा लागेल, ठेवली तर ड्रॉवर उघडला की जुना डाग दिसणार. निर्णय खरोखरच झाला नव्हता, आणि हे महत्त्वाचं आहे. मनात ठरवून झालेल्या गोष्टीवर मत मागितलं की जवळच्या माणसांना ते कळतं.

नुसतं 'तुमचं मत काय?' असं विचारलं असतं तर लोकांना विचार करून लिहावं लागलं असतं आणि बहुतेकांनी ते नंतरवर टाकलं असतं. म्हणून प्रश्न दोन पर्यायांवर आणला: 'पेन्सिलचे आकडे ठेवायचे की घासायचे?' घाईत असलेला माणूस एका शब्दात उत्तर देऊ शकतो आणि ज्याला काही आठवेल तो चार ओळी लिहू शकतो. या वाक्याचा आणखी एक फायदा झाला. यादीत शाळेतले मित्र आहेत तसे काका-मामाही आहेत. 'तू काय करशील' म्हणावं तर थोरांना खटकणार, 'आपण काय कराल' म्हटलं तर मित्र टिंगल करणार. 'ठेवायचे की घासायचे' यात ती अडचणच येत नाही.

पण शेवटचा प्रश्न लोकांपर्यंत पोहोचायला हवा. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा असली तरी सुरुवातीच्या थोड्या ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर टॅप केल्यावर उघडतो. त्यामुळे पॉलिशचं सगळं पुराण कापलं आणि पहिल्याच ओळीत आकडे आणले. शेवटी उरलं ते एवढं:

'जुनं टेबल घासताना ड्रॉवरमध्ये कुणाची तरी बेरीज सापडली. बाकी टेबल चकाचक झालंय, ही फळी अजून तशीच आहे. पेन्सिलचे आकडे ठेवायचे की घासायचे?'

पहिला फोटो त्या फळीचा लावला, अख्खं टेबल दुसऱ्या फोटोत. प्रश्न फळीबद्दल आणि समोर फोटो टेबलाचा असता, तर लोकांनी 'छान'च लिहिलं असतं. हॅशटॅग काढून टाकले, कारण प्रश्नानंतर त्यांची रांग लागली की प्रश्न झाकला जातो. 'हो असेल तर कमेंटमध्ये हो लिहा' छापाचं मी मुळातच लिहीत नाही. फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्ये जाहीरच केलं होतं की असं ओढूनताणून प्रतिसाद मागणाऱ्या पोस्ट मागे ढकलल्या जातील. खरा सल्ला किंवा मदत मागणाऱ्या पोस्टना मात्र हे लागू नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं.

सुरुवातीला शांतता होती. अशा वेळी स्वतःच खाली 'कुणीच नाही का?' लिहायची खुमखुमी येते, ती मी दाबली. कुणाला टॅगही केलं नाही. एखाद्या ओळखीच्या सुताराला नाव घेऊन विचारणं रास्त, पण उगाच नाव घेतलं की त्या माणसावर सगळ्यांसमोर उत्तर द्यायची सक्ती होते.

मग एका मित्राने लिहिलं, 'ठेव, पण बेरीज चुकली आहे.' यावर 'धन्यवाद' लिहिलं असतं तर गप्पा तिथेच संपल्या असत्या. मी विचारलं, 'कुठल्या ओळीत?' तिथून बाकीचे आत शिरले. कुणी हातचा शोधू लागलं, कुणी बिनरंगी वॉर्निशचा पातळ हात मारून आकडे तसेच राखायला सुचवलं. एका मावशींनी स्वच्छ सांगितलं की घासून टाक, धूळ बसते. त्यांनाही मी समजावत बसलो नाही. दोन्ही बाजू खुल्या आहेत असं विचारल्यावर एका बाजूशी वाद घालायचा नसतो.

दरवेळी प्रश्न हवाच असंही नाही. कुणाच्या आजारपणाची किंवा निधनाची पोस्ट असेल तर मी शेवटी काहीही विचारत नाही. साध्या फोटोतही खरी शंका नसेल तर पूर्णविराम देतो. वॉर्निश वाळल्यावर फळीचा फोटो टाकला, तेव्हा कॅप्शन एवढंच होतं: 'आकडे ठेवले. बेरीज अजून चुकीचीच आहे.'