लिंकवर चाचणी दिली, पण पोच काही आली नाही

अंबाजोगाईहून वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत डिप्लोमा ट्रेनीसाठी अर्ज केला होता. तिथून एका मेलमध्ये दोन लिंक आल्या. पहिली लिंक प्राथमिक माहितीच्या गुगल फॉर्मची आणि दुसरी साठ मिनिटांच्या अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची. दोन्ही झाल्या, पण 'मिळालं' असा एका ओळीचाही मेल नाही. अशा वेळी एचआरला लगेच 'रिझल्ट कधी?' असं विचारायचा मोह होतो. तो आवरायचा, कारण उत्तर न येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि आपलं कारण कोणतं ते बरंचसं घरबसल्या कळतं.

आधी मेल शोधायचा. पोच बहुतेक वेळा कंपनीच्या पत्त्यावरून येत नाही, टेस्ट घेणाऱ्या पोर्टलच्या नो-रिप्लाय पत्त्यावरून येते. त्यामुळे ती प्रमोशन्समध्ये किंवा स्पॅममध्ये जाऊन बसते. जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका:

```
in:anywhere newer_than:10d (assessment OR test OR application)
```

`in:anywhere` लिहिल्यावर स्पॅम आणि ट्रॅशही धुंडाळले जातात. स्पॅममधला मेल तीस दिवसांनी आपोआप उडतो, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नका. बायोडेटावर एक ईमेल आणि टेस्टच्या लॉगिनला दुसरा असेल, तर दोन्ही खाती बघा.

गुगल फॉर्मचं कोडं सोपं असतं. फॉर्म बनवणाऱ्याने पावतीची सोय चालू केली नसेल तर मेल येतच नाही, त्यात आपलं काही चुकलेलं नसतं. तीच लिंक त्याच गुगल खात्यातून पुन्हा उघडायची. एकदाच भरता येईल असा फॉर्म असेल तर `You've already responded` असं दिसतं, म्हणजे फॉर्म पोचला. उलट आपलीच उत्तरं अर्धवट भरलेली दिसली, तर तो मसुदा आहे, पाठवायचा राहिलाय. लॉगिन करून भरलेल्या फॉर्मचा मसुदा गुगल तीस दिवस जपून ठेवतं. ब्राउझरच्या हिस्टरीत पत्त्याच्या शेवटी `formResponse` दिसलं की काही जण निर्धास्त होतात. पण अनेक पानांच्या फॉर्ममध्ये पुढच्या पानावर जातानाही तो शब्द येऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. माझा फॉर्म पोचला होता.

टेस्टचं प्रकरण मात्र वेगळं होतं. गणित, तर्क आणि तांत्रिक असे तीन भाग. शेवटच्या भागात संध्याकाळी लाईट गेली, त्याबरोबर राउटरही गेला. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडेपर्यंत स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. नंतर दिसलं ते `Section submitted`. इथेच पुष्कळांची फसगत होते. भाग संपवण्याचं बटण वेगळं आणि पूर्ण टेस्ट संपवण्याचं बटण वेगळं असतं. दुसऱ्या बटणानंतर 'नक्की का?' अशी खिडकी येते आणि तिला 'हो' म्हटल्यावरच टेस्ट बंद होते. ती खिडकी मला दिसलीच नव्हती.

कंपनीच्या बाजूला काय दिसतं, हे इथे समजून घ्यायला हवं. एचआरच्या पॅनेलवर प्रत्येक उमेदवारापुढे स्थिती लिहिलेली असते: `Not Started`, `In Progress`, `Completed`. मुदत संपली की साधारणपणे `Completed`वाल्यांचीच यादी एक्सेलमध्ये काढली जाते. आपण `In Progress`मध्ये अडकलो असू, तर नापास नाही आणि पासही नाही, यादीतच नाही. वेळ संपली की आपोआप सबमिट होईल असं सगळे सांगतात. काही पोर्टलवर ते सर्व्हरकडून होतं, तिथे काळजी नाही. पण काही ठिकाणी ते काम आपल्या ब्राउझरकडे असतं, आणि नेटच गेलं तर ब्राउझर तरी कुणाला कळवणार?

म्हणून कधी लिहायचं हे स्थितीवर ठरतं. शेवटचं पान नीट दिसलं असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा आणि त्यानंतर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या. सगळ्यांची टेस्ट झाल्याशिवाय कुणी यादी काढत नाही. शंका असेल तर मात्र मुदत संपण्याआधीच लिहा, कारण तोवर लिंक जिवंत असते आणि अडकलेली टेस्ट उघडून देणं सोपं असतं. मुदतही नीट वाचा. माझ्या मेलमध्ये शुक्रवार `18:30 UTC` असं होतं, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी रात्री बारा. त्यात साडेपाच तास मिळवायचे असतात.

मेल कुणाला, हाही प्रश्न असतो. नो-रिप्लायला उत्तर देण्यात अर्थ नाही. लिंक आलेल्या मेलच्या खाली भरतीवाल्यांचा पत्ता असतो, त्यावर लिहायचं. पोर्टलच्या हेल्पडेस्कला वेगळा मेल टाकायला हरकत नाही, ते फार तर टेस्ट त्यांच्यापर्यंत आली का तेवढं सांगतील. गुण सांगणं कंपनीच्या हातात. मी इंग्रजीत लिहिलं, मजकूर साधारण असा:

'विषय: अ‍ॅप्टिट्यूड टेस्टची स्थिती, अर्ज क्रमांक अमुक. महोदया, डिप्लोमा ट्रेनी पदाची टेस्ट मी बुधवारी संध्याकाळी 6:05 ला सुरू केली. 6:52 च्या सुमारास वीज गेल्याने नेट तुटलं. शेवटचा भाग जमा झाल्याचं दिसलं, पूर्ण टेस्ट जमा झाल्याचा संदेश दिसला नाही. आपल्याकडे माझी स्थिती काय दिसते, कृपया कळवावं. अपूर्ण असल्यास मुदतीच्या आत ती पुढे सुरू करून द्यावी. टेस्टच्या लॉगिनचा ईमेल आणि स्क्रीनशॉट सोबत आहे.'

यात निकालाचा शब्द नाही, मुद्दामच. 'स्थिती काय' याचं उत्तर एचआर पॅनेल उघडून मिनिटात देऊ शकते. निकाल विचारला तर तिला वरच्यांना विचारावं लागतं आणि मेल बाजूला पडतो. पूर्ण लिंक मेलमध्ये पुन्हा चिकटवू नका, ती आपल्या एकट्याच्या नावाची असते आणि मेल पुढे चार जणांकडे जातो. स्क्रीनशॉट मोबाईलवरचा असेल तर मूळ फाईलच जोडा. अँड्रॉइडवर तिच्या नावातच बहुधा तारीख आणि वेळ असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेल्या चित्राचं नाव बदलतं आणि वेळेचा पुरावा जातो.

उत्तर आलं नाही म्हणून गुरुवारी दुपारी फोन केला. 'मॅडम, नमस्कार. काल टेस्टच्या स्थितीबद्दल मेल केला होता, अर्ज क्रमांक सांगू का?' एवढंच. त्यांनी बघून सांगितलं, 'इन प्रोग्रेस दाखवतंय. रीसेट करून देऊ का?'

इथे जपून बोलायचं असतं. बऱ्याच पोर्टलवर 'रीसेट' म्हणजे आधीची सगळी उत्तरं पुसून पहिल्यापासून टेस्ट, आणि 'रिझ्यूम' म्हणजे तुटलं तिथून पुढे. मी रिझ्यूम मागितलं. त्यांनी ते सुरू केल्यावर त्याच लॅपटॉपवर, त्याच ब्राउझरमध्ये जुनीच लिंक उघडली. उरलेली मिनिटं वर दिसत होती आणि दिलेली उत्तरं जागच्या जागी होती. या वेळी पूर्ण टेस्ट संपवण्याचं बटण दाबलं, खिडकीला 'हो' म्हटलं आणि शेवटच्या पानाचा घड्याळासकट स्क्रीनशॉट घेतला. पोर्टलची पोच थोड्या वेळाने आली, स्पॅममध्येच. ती त्याच मेलच्या साखळीत जोडून मॅडमना पाठवली आणि स्थिती `Completed` झाल्याचं त्यांच्याकडून लेखी घेतलं.