तुम्ही विचारलंत म्हणून: चार लाल फाइली आणि एक तांब्या

"मजकूर चौघांना तपासायला दिला होता. चौघांनी आपापली फाइल लाल करून परत पाठवली. आता हे सगळं एकत्र आणायचं कसं आणि ऐकायचं कुणाचं?"

मागच्या पावसाळ्याआधी माझ्याकडे अतिसारावरची एक पुस्तिका होती, चोवीस पानांची. आशाताईंनी घरोघरी वाचून दाखवायची म्हणून भाषा सोपी. तपासायला चौघं होते: बालरोगतज्ज्ञ, एका डोंगराळ तालुक्यातल्या पर्यवेक्षिका, मुद्रितशोधक काका आणि पैसे देणाऱ्या संस्थेच्या अधिकारी मॅडम. त्या पुस्तिकेवरूनच सांगते.

आधी फाइली. मी पाठवलेली मूळ प्रत बाजूला काढून ठेवते आणि तिला हात लावत नाही. मग वर्डमध्ये Review → Compare → Combine. एका वेळी दोनच फाइली जोडल्या जातात, म्हणून मूळ प्रतीत डॉक्टरांची, त्यातून जी तयार होईल तिच्यात पर्यवेक्षिकांची, असं पुढे जायचं. त्याच चौकटीत More दाबलं की खाली Formatting असं एक खूणघर दिसतं, ते मी रिकामं करते. काकांना त्यांचा आवडता फाँट लागतो. ते खूणघर भरलेलं राहिलं तर प्रत्येक परिच्छेदाला फाँट बदलल्याची नोंद चिकटते आणि खरे बदल त्या गर्दीत बुडतात.

मॅडमनी बदलांची नोंद बंद ठेवून काम केलं होतं. फाइल आली ती स्वच्छ, वर "किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत" एवढंच. अशा वेळी घाबरायचं कारण नाही. Combine मूळ प्रतीशी ताडून पाहतं, त्यामुळे न नोंदवलेले बदलही वर येतात. फक्त Label unmarked changes with या रकान्यात त्या व्यक्तीचं नाव भरायला विसरू नका, नाहीतर बदल कुणाचा ते नंतर कळत नाही. (त्या "किरकोळ" दुरुस्त्या एकतीस निघाल्या.)

आता कुणाचं ऐकायचं. फाइली उघडण्याआधीच मी एका कागदावर लिहून ठेवते की कोण कशासाठी आहे. औषध, प्रमाण, धोक्याची लक्षणं डॉक्टरांची. घरात काय असतं, बाई कुठला शब्द वापरते, ते पर्यवेक्षिकांचं. शुद्धलेखन काकांचं. बोधचिन्ह आणि आभाराचं पान मॅडमचं. आपल्या हद्दीतला बदल असेल तर मी फारसा वाद घालत नाही. हद्दीबाहेरचा असेल तर तो माझ्यासाठी बदल नसून प्रश्न असतो, आणि तो ज्याच्या हद्दीतला आहे त्याच्याकडे जातो. हे आधी लिहून ठेवावं लागतं, कारण एकदा वाचायला बसलं की ज्याची टिप्पणी जास्त ठासून लिहिलेली तोच खरा वाटायला लागतो.

उदाहरण घ्या. मूळ वाक्य असं होतं: "एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला." ओआरएसची पुडी हाताशी नसेल तेव्हासाठी. डॉक्टरांनी "पाण्यात"च्या आधी "उकळून गार केलेल्या" घातलं. पर्यवेक्षिकांनी "एक लिटर" खोडून "तांब्याभर" केलं आणि कडेला लिहिलं, "लिटर कुणी मोजत नाही." काकांनी दोन्ही "सपाट" उडवले: "एका वाक्यात द्विरुक्ती."

तिघांचेही बदल डोळे मिटून स्वीकारले तर हातात काय येतं पाहा: "तांब्याभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला." वाचायला गोड, व्याकरण बिनचूक आणि वापरायला धोकादायक. तांब्या घरोघरी वेगळा, बरेच तांबे लिटरपेक्षा लहान. त्यात चमचा शिगेचा घेतला तर मीठ भलतंच वाढतं, आणि जास्त मीठ अतिसार झालेल्या बाळाला घातक. वर्ड यातलं काहीच सांगणार नाही. वाक्य मोडलं असतं तर निदान नजर अडखळली असती.

म्हणून एकाच वाक्यावर दोघांची लेखणी पडली असेल तर मी तिथे कुणाचंच Accept दाबत नाही. सगळे बदल नाकारून वाक्य मूळपदावर आणते आणि नव्याने लिहिते. पर्यवेक्षिकांचा उपाय चालणारा नव्हता, पण अडचण शंभर टक्के खरी होती. फोनवर विचारलं, "ताई, लिटर मोजायला घरात काय असतं?" त्या म्हणाल्या, "पाण्याची बाटली असते की, प्रवासातली. लिटरचीच असते ती." झालं. वाक्य ठरलं: "पाणी उकळून गार करा. एक लिटरची बाटली भरून पाणी घ्या. त्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला." शेजारी चहाच्या चमच्याचं चित्र, वरून सुरी फिरवून सपाट केलेलं. डॉक्टरांना ते वाक्य वाचून दाखवलं आणि मगच पुढे गेले.

दोघंही बरोबर असतात तेव्हा जास्त पंचाईत. झिंकच्या गोळीला डॉक्टरांनी "१४ दिवस" कायम ठेवलं होतं, मॅडमनी "१० ते १४ दिवस" केलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत १० ते १४ असंच आहे, त्यामुळे मॅडम चुकल्या नव्हत्या. पण आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात १४ दिवस सांगतात, आणि आशाताई तेच सांगणार. पुस्तिकेने वेगळं सांगितलं तर आई दहाव्या दिवशी थांबणार. १४ राहिलं. मॅडमना कारण एका ओळीत कळवलं. नाकारलेल्या प्रत्येक मोठ्या सूचनेचं कळवते, नाहीतर तीच सूचना पुढच्या फेरीत परत येते.

बाकीचं भराभर होतं. Show Markup → Specific People मध्ये फक्त काका ठेवायचे आणि Accept All Changes Shown करायचं, की त्यांचे ऱ्हस्वदीर्घ एका फटक्यात आत. पण हे मी सगळ्यात शेवटी करते आणि आधी त्यांची यादी एकदा वरून खाली वाचते, कारण "सपाट"सारखा एखादा आशयाचा बदल शुद्धलेखनाच्या रांगेत मुकाट उभा असतो.

शेवटची एक तपासणी मी कधीच सोडत नाही. झालेली अंतिम प्रत आणि बाजूला ठेवलेली ती मूळ प्रत, दोन्ही Compare मध्ये टाकायच्या. जे जे लाल दिसेल ते का बदललं हे मला सांगता आलं पाहिजे. त्या पुस्तिकेत सातव्या पानावर अडकले. तेच मिश्रण तिथे पुन्हा एका चौकटीत थोडक्यात दिलं होतं. साखरेपुढचा "सपाट" जागेवर होता, मिठापुढचा गेला होता. काकांच्या रांगेतून निसटून आत आलेला.

काकांना फोन करून सांगितलं, "काका, द्विरुक्ती राहू द्या, दोन्ही ठिकाणी." ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बरं. पण त्या चौकटीतला माझा अर्धविराम तरी ठेवाल ना?"

ठेवला.