साडी की ड्रेस?

"दहा वर्षं घरी होते. पुढच्या गुरुवारी मिरजेत एका हॉस्पिटलच्या अकाउंट्समध्ये इंटरव्ह्यू आहे. साडी नेसू की ड्रेस घालू? जुनं काहीच अंगाला होत नाहीये. तयार काही घेऊन टाकू का?"

प्रिय मैत्रिणी,

सांगलीच्या खणभागातल्या माझ्या दुकानात हा प्रश्न वर्षभर येत असतो. मुलं शाळेला लागली की बायका नोकरी शोधायला लागतात, आणि मापाची टेप गळ्यात असलेली बाई दिसली की तिलाच विचारतात. काउंटरवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होते मी. तुला मात्र सविस्तर लिहिते, कारण तुझ्याकडे नऊ दिवस आहेत आणि तेवढ्यात पुष्कळ काही करता येतं.

आधी साडीचं. गेल्या वर्षभरात लग्नकार्य सोडून साध्या दिवशी तू साडी नेसलीस का? मला तरी आठवत नाही. मग या कामासाठी ती नको. साडी वाईट म्हणून नव्हे. बँकेत, शाळेत रोज साडी नेसणाऱ्या बाईचा हात निऱ्यांकडे जातसुद्धा नाही. तुझा जाईल. शिवाय तू विश्रामबागेहून स्कूटरने मिरजेला जाणार, दिवस आषाढाचे. रेनकोटखाली स्टार्च केलेली सुती साडी मिरजेच्या चौकापर्यंतही टिकत नाही. आणि त्या जागेसाठी टॅलीवर दोन-चार एंट्र्या करून दाखवायला सांगण्याची बरीच शक्यता आहे. तेव्हा माउस धरलेला हात पदराकडे वळायला नको.

तरीही आईनं दिलेली ती निळी साडी तुझ्या मनातून जाणार नाही, म्हणून तिच्या ब्लाउजचं सांगते. आपण शिवणाऱ्या बाया आत माया सोडतो. तुझ्या ब्लाउजला बाजूला दीड-दीड इंच माया आहे, मी पाहिली होती. तो छातीत ३६ आहे, तुझी छाती आता ४०. बाजूच्या टिपा उसवल्या की पुढचा आणि मागचा भाग, डावी आणि उजवी बाजू, असे चार पदर मिळतात. प्रत्येकी एक इंच सोडला की चार इंच झाले. म्हणजे कागदावर ब्लाउज बसला. अडचण मुंढ्याची आहे. दहा वर्षांत दंड आणि खांद्याखालचा भागही भरतो. बाहीला दोनच पदर, त्यामुळे तिथं दोनच इंच मिळतात. मग कुणी सांगतं की मुंढा अर्धा इंच खाली उतरव. तसं केलं की हात खाली असताना बरं वाटतं, पण हात वर केला की अख्खा ब्लाउज वर ओढला जातो. वरच्या रॅकवरची फाइल काढताना हे कळतं. शिवाय मायेतलं कापड इतकी वर्षं उन्हात गेलेलं नसतं, त्यामुळे बाजूला गडद पट्टा दिसतो आणि जुन्या टिपेची भोकं रांगेनं दिसतात. तो ब्लाउज सणासाठी ठेव.

तुझा आवडता राखाडी कुर्ता मात्र अजिबात होणार नाही. जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजलास तर १९ भरेल, म्हणजे घेर ३८. तुझी छाती ४० आणि न ताणणाऱ्या कापडाच्या कुर्त्याला अंगापेक्षा तीन-चार इंच जास्त लागतात, म्हणजे ४३ किंवा ४४ हवेत. त्याच्या आत एक-एक इंच माया आहे. त्यातली पाव इंच शिलाईला ठेवली तर चार पदरांत तीन इंच सुटतात, म्हणजे ४१. नुसता अंगात जाईल एवढाच. घट्ट कुर्ता ओळखायला आरसाही पुरतो: काखेतून छातीकडे तिरप्या सुरकुत्या जातात आणि पाठीवर आडव्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत, कारण त्या कापडाच्या नसून मापाच्या असतात. खरं सांगायचं तर राखाडी रंग मला या कामासाठी तसाही पसंत नव्हता. घामाचा डाग राखाडीवर आणि फिकट निळ्यावर सगळ्यात आधी उठून दिसतो.

तयार घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. मला गिऱ्हाईक हवं म्हणून सांगतेय असं वाटेल. पण तयार कुर्ता साइझवर येतो, आणि तुझ्या अंगाला वर ४० लागतो तर खाली ४२. वरून बरोबर घेतलास तर सीटवर अडकेल, खालून घेतलास तर खांदा उतरेल. खांदा उतरलेला कुर्ता आवळून घेणं म्हणजे बाही काढून पुन्हा लावणं. त्यापेक्षा शिवलेला बरा, आणि वेळ आहे.

उद्या कापड पेठेत जा आणि ४४ पन्ह्याचं अडीच मीटर सुती कापड घे. इचलकरंजीचं आपल्याकडे सहज मिळतं. गडद निळं किंवा गडद हिरवं, त्यावर बारीक, विरळ नक्षी. प्लेन नको, कारण स्कूटरवरची प्रत्येक सुरकुती प्लेन कापडावर दिसते. घेण्याआधी ठाणाचं टोक मुठीत दहा सेकंद घट्ट दाबून सोड. घड्यांच्या रेषा तशाच राहिल्या तर ते कापड मिरजेला पोचेपर्यंत तसंच होणार. थोडं पॉलिएस्टर मिसळलेलं सुती कापड या परीक्षेत बरं उतरतं, पण जास्त मिसळलेलं घेतलंस तर पावसाळी दमटपणात अंगाला चिकटतं. मग कापडाखाली हात धरून दुकानाच्या ट्यूबलाइटकडे बघ. बोटं मोजता आली तर अस्तर लागेल.

आणि अस्तर लागलं तर तेही कापडाबरोबरच भिजव. ही पायरी बायका गाळतात. सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, मीटरला तीन ते पाच सेंटीमीटर कमी भरणं नेहमीचं. कापड भिजवलं आणि अस्तर कोरंच राहिलं तर पहिल्या धुण्यानंतर आतलं अस्तर आटतं आणि बाहेरचं कापड फुगून गोळा होतं. एकीनं गेल्या पावसाळ्यात असा नवाकोरा ब्लाउज आणला होता, बिचारी म्हणत होती शिलाई खराब आहे. शिलाईत काही दोष नव्हता. उद्या रात्री दोन्ही साध्या पाण्यात भिजव, पिळू नकोस, पंख्याखाली टाक. या हवेत दोन दिवस लागतील. शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे दे.

मापं मी घेईनच, पण सीटचं माप तू खुर्चीत बसल्यावर घेणार आहे. उभ्यानं ४२ भरतं तिथं बसल्यावर ४४ होतं, आणि इंटरव्ह्यू बसूनच होतो. बाजूचा कटही त्यावरच ठरतो. हल्ली कमरेपासून कट ठेवायची फॅशन आहे. चालताना छान दिसतं, बसलं की दोन्ही पल्ले बाजूला पडतात आणि पोट व पँटचं इलॅस्टिक दिसतं. तुझा कट मी सीटच्या रेषेवर थांबवेन. लांबी ४२ ठेवू, बाही कोपराच्या खाली तीन बोटं. मनगटापर्यंत बाही असली की कीबोर्डवर घासते, आणि माउस फिरवताना ती मागे सारायची सवय लागते.

खाली सरळ पँट, काळी किंवा गडद निळी. लेगिंग नको आणि पांढरं तर मुळीच नको, कारण मागच्या चाकाचा चिखल पोटरीपर्यंत उडतो. पँट आधीपासून आहे तुझ्याकडे, मुलीच्या स्नेहसंमेलनाला घातली होतीस ती. ओढणी घ्यायचीच असेल तर सुती, आणि दोन्ही खांद्यांवर आतून पिन. मला विचारशील तर या कापडावर ओढणी लागत नाही, पण तुला तिच्याशिवाय उघडंबोडकं वाटत असेल तर पिनांसकट घे. ब्लेझरबद्दल तुझ्या वहिनीनं सुचवलं ते राहू दे. हॉस्पिटलच्या हिशेबखात्यात जुलै महिन्यात ब्लेझर घालून कुणी बसत नाही. खात्री करायची तर सोमवारी सकाळी साडेनऊला त्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरजवळ पाच मिनिटं उभी राहा. तिथल्या बायका रोज जे घालतात त्याहून एक पायरी नीटनेटकं, एवढंच.

मंगळसूत्र, कानातले रोजचेच ठेव. हातात मात्र एका बाजूलाच काय ते एखादं कडं, कारण काचेच्या बांगड्या टेबलावर आपटतात आणि टायपिंग करताना तर प्रत्येक अक्षराला वाजतात. चपला नव्या नकोत. ज्या पावसात भिजून वाळल्यात आणि ज्यांचा पट्टा लागत नाही त्या, फक्त आदल्या दिवशी घासून. पर्स मोठी घे, सर्टिफिकेटची फाइल न दुमडता बसेल अशी. फाइलला आतून प्लास्टिक.

रविवारी दुपारी ट्रायलला ये. त्याच चपला, तीच पँट, आतले कपडेही गुरुवारी घालणार तेच, कारण फिटिंग त्यांच्यावर ठरतं. दुकानातल्या स्टुलावर तुला बसवणार, टेबलावर लिहायला लावणार आणि वरच्या फळीवरची रिळं काढायला सांगणार. कुठं ओढलं गेलं तर मी तिथंच चॉकनं खूण करीन आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देईन. मंगळवारी तो घालून खरोखर मिरजेला एक चक्कर मार. स्कूटरवर बसताना कुर्त्याचा मागचा पल्ला बाजूला घे, त्याच्यावर बसू नकोस; सुरकुत्या मग पँटवर पडतात आणि गडद पँटवर त्या दिसत नाहीत. रेनकोट दोन भागांचा घाल, वरून टाकायचा पोंचो वाऱ्यात उडतो आणि मांडीवर पाणी साठतं.

बुधवारी रात्री धुऊन वाळलेल्या कुर्त्यावर थोडं पाणी शिंपडून इस्त्री कर, आधी उलट बाजूनं, आणि हँगरला लावून ठेव. घडी घालू नकोस. आणि पोचल्यावर रेनकोट पार्किंगमध्येच काढ, आत नेऊ नकोस. पिशवी मी देईन, दुकानात त्या ढिगानं पडल्यात.

तुझी,
खणभागवाली