आजींच्या फोनवर उघडेना

"बाळा, माझ्याच फोनला का दिसत नाही रे हे?" आज आमच्या खानावळीत एका आजींनी विचारलं आणि दिवसभर तेच डोक्यात आहे.

मेनूचा क्यूआर कोड मीच केला होता, ड्राइव्हवरच्या पीडीएफची लिंक टाकून. माझ्या फोनवर झटकन उघडला म्हणून २ सेंटीमीटरचे स्टिकर छापून मोकळा झालो. आजींचा फोन जुना, कॅमेरा जवळचं नीट पकडत नाही, त्यात संध्याकाळचा पिवळा दिवा.

घरी येऊन एका ओळीतले ठिपके मोजले तर ३७! लिंक ८२ अक्षरांची होती ना, अक्षरं वाढली की ठिपके वाढतात आणि जागा तेवढीच असली की प्रत्येक ठिपका बारीक होत जातो, इथे तर जेमतेम अर्धा मिलिमीटर. मग आमच्या साइटवर मेनूचं पान केलं, लिंक २४ अक्षरांवर आली, ओळीत २५ ठिपके. तोच कोड ३ सेंटीमीटरला छापला की ठिपका १.२ मिलिमीटरचा होतो. चारी बाजूंनी ५ मिलिमीटर पांढरी जागा सोडली, आधी तिथे नक्षी होती, ती काढली.

आता बाबांचा जुना फोन, आईचा काच फुटलेला आणि माझा, तिन्हींवर त्याच दिव्याखाली, हातभर अंतरावरून बघितलं. उघडतोय.

छापील मेनूकार्डही चार ठेवलीयेत. आजी उद्या येतील का?