चुकलेला ब्लॉक

“चुकलेला डेटा फोन जपून का ठेवतो? फेकून देऊन सरळ नवा का मागवत नाही?”

तो पूर्णपणे चुकलेला नसतो म्हणून. चूक शोधणाऱ्या सीआरसी तपासणीत डेटाचा संपूर्ण ब्लॉक नापास होतो, परंतु आतील प्रत्येक बिट शून्य की एक, याबरोबरच त्याची खात्री किती, हा आकडाही फोनजवळ असतो. तोच बिट पुन्हा आला की दोन्ही आकड्यांची बेरीज होते. आधी न आलेला बिट आला की रिकामी जागा भरते.

हे मला पाठ होते, पण पटले ते घोडबंदर रस्त्यावरील एका ४जी साइटवर तोंडघशी पडल्यावर. सिग्नल उत्तम असूनही वेग कमी, अशी तक्रार होती आणि पुनर्प्रेषणे फार दिसत होती. मी ‘इंटरफेरन्स’, म्हणजे इतर सिग्नलांचा व्यत्यय, असा शेरा मारून अँटेनाचा टिल्ट बदलून घेतला, आणि फरक शून्य. मग एका रात्री गाडीत बसून लॉग ओळीओळीने वाचला, तेव्हा दिसले की कित्येक नवे ब्लॉक फोनला पहिल्यांदा दिसत होते तेच `rv=2` घेऊन. ब्लॉकचा कोणता तुकडा पाठवला आहे, ते `rv` हा आकडा सांगतो आणि पहिल्या प्रेषणात तो ० असतो. या ब्लॉकांचे `rv=0` लॉगमध्ये नव्हतेच. म्हणजे पहिल्या प्रेषणाची सूचना देणारा कंट्रोल चॅनेलच फोनकडून निसटला होता. त्यामुळे फोन गप्प राहिला, आणि बेस स्टेशनने त्या मौनाला ‘चुकले’ असे उत्तर समजून पुढचा तुकडा धाडला.

समजा ब्लॉक १००० बिटांचा आहे. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून टर्बो कोड त्याचे सुमारे ३००० बिट करतो, त्यांतील पहिले हजार मूळ आणि उरलेले पॅरिटीचे, म्हणजे मूळ बिटांवरून काढलेले जादा बिट. एका वेळी १२५० बिट जातात. `rv=0` जवळजवळ सुरुवातीपासून निघतो, तर `rv=2` साधारण १५६० पासून २८१० पर्यंत, म्हणजे त्यात मूळ बिट एकही नाही. आधीचे काही हाती असते तर हा तुकडा सोन्यासारखा होता. एकट्याने तो बहुधा उलगडत नाही. पुढचा `rv=3` सुमारे २३१० पासून निघून, शेवटाला पोहोचल्यावर पुन्हा सुरुवातीकडे वळसा घालत मूळ बिटांपैकी पहिले साडेपाचशे आणतो, तेव्हा कुठे ब्लॉक सुटतो. दर फेरीला निदान ८ मिलिसेकंद जातात.

मौन वेगळे ओळखून `rv=0` पुन्हा पाठवायचे आणि कंट्रोल चॅनेलला जास्त जागा द्यायची, हे दोन बदल केल्यावर पुनर्प्रेषणे उतरली. टिल्ट मात्र मी मुकाट्याने पूर्ववत केला.

तरीही तुमचा प्रश्न अगदीच वेडगळ आहे असे मी आता म्हणत नाही. एखाद्या ब्लॉकवर क्षणभर जोरदार इंटरफेरन्स येऊन गेला आणि फोनने त्याचा अंदाज कमी धरला, तर साठवलेले आकडे ठामपणे खोटे असतात, आणि त्यांत चांगली प्रत मिसळणे म्हणजे नासलेल्या दुधात ताजे ओतणे. अशा वेळी फेकणेच बरे. पण तो ब्लॉक कोणता, हे फोनला त्या क्षणी सांगणार कोण?